किलोवर की नगावर?

लाँड्रीच्या काउंटरमागे हल्ली दोन दरपत्रकं लावलेली दिसतात. एकावर शर्ट, पँट, कुर्ता, चादर अशी यादी आणि प्रत्येकापुढे नगाचा भाव. दुसऱ्यावर मोठ्या अक्षरांत दोनच ओळी: धुऊन घडी, इतके रुपये किलो, धुऊन इस्त्री, इतके रुपये किलो. बहुतेक गिऱ्हाईक दुसऱ्या पत्रकाकडे बघून पिशवी वजनकाट्यावर ठेवतं, कारण किलोचा भाव ऐकायला स्वस्त वाटतो आणि यादी करायची कटकट वाचते. तो खरोखर स्वस्त पडतो का, हे त्या पिशवीत काय भरलंय यावर ठरतं. म्हणून एका घराच्या आठवड्याच्या कपड्यांचा हिशेब इथे शेवटपर्यंत मांडून बघू.

उदाहरणादाखल घर धरू पुण्यातलं, कोथरूडकडचं. भाड्याचा फ्लॅट, चौघं माणसं: आई शाळेत शिकवते, बाबांची नोकरी हिंजवडीला, मुलगी आठवीत, आणि आजी. घरमालकाने ड्राय बाल्कनी स्वयंपाकघरात घेऊन टाकलेली असल्यामुळे वॉशिंग मशीन ठेवायला जागा नाही आणि वाळत घालायलाही नाही. आतले कपडे, मोजे, रुमाल घरीच बादलीत धुतले जातात. बऱ्याच लाँड्र्या आतले कपडे घेतही नाहीत. आजी रोजचं पातळ स्वतः धुते, बाहेर जायच्या दोन सुती साड्या तेवढ्या लाँड्रीत जातात. बाकी सगळं बाहेर.

हिशेबासाठी दर धरू पुण्यातल्या एखाद्या मध्यम दुकानात शोभतील असे: धुऊन घडी ७० रुपये किलो, धुऊन इस्त्री ११० रुपये किलो. नगाच्या भावात धुलाई आणि इस्त्री दोन्ही आलं: शर्ट किंवा कुर्ता २५, शाळेचा शर्ट २०, पँट ३०, जीन्स ४०, टी-शर्ट, लेगिंग किंवा गाऊन २०, टॉवेल २५, डबल बेडशीट ५०, एकेरी चादर ३५, उशीचा अभ्रा १०, आणि खळ करून सुती साडी ८०. तुमच्या गल्लीतले आकडे वेगळे असणार. रीत तीच राहते, आकडे आपले घालायचे.

आता वजनं. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण कपडा हातात घेऊन त्याचं वजन कळत नाही. स्वयंपाकघरातला पाच किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि कोरडा कपडा घडी करून त्यावर ठेवला की आश्चर्य वाटतं. पुरुषाचा नेहमीचा सुती शर्ट सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. जीन्स सातशेच्या आसपास, म्हणजे तीन शर्टांपेक्षा जड. टर्किश टॉवेल साडेचारशे, चांगला जाडजूड असेल तर सहाशेही. याउलट आजोबांच्या काळातला पंचा सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा; अंग दोन्हींनी पुसून होतं, पण किलोच्या बिलात एक दुसऱ्याच्या तिप्पट आहे.

या घराचे कपडे चार गठ्ठ्यांत लावले की चित्र स्पष्ट होतं.

पहिला गठ्ठा इस्त्रीशिवाय घालताच येत नाहीत अशा कपड्यांचा. बाबांचे सहा शर्ट आणि तीन पँटी, आईचे सहा कुर्ते, मुलीचे शाळेचे चार शर्ट. एकूण १९ नग, वजन ४ किलो ३२० ग्रॅम. नगाच्या भावाने ४७० रुपये होतात. किलोच्या इस्त्रीच्या भावाने ४७५. तिसरी वाट अशी की दुकानातून फक्त धुऊन घडी करून आणायचे आणि सोसायटीच्या फाटकाबाहेर टेबल मांडून बसलेल्या इस्त्रीवाल्याकडे कपड्यामागे ८ रुपये देऊन इस्त्री करून घ्यायची; त्याचे धुलाईचे ३०२ आणि इस्त्रीचे १५२ मिळून ४५४ रुपये. म्हणजे तिन्ही वाटांत एकवीस रुपयांहून जास्त फरक नाही. या गठ्ठ्यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. जो दुकानदार कॉलर नीट बसवतो आणि शर्ट वेळेवर देतो, त्याला द्यावेत.

दुसरा गठ्ठा हलक्या आणि बिनइस्त्रीच्या कपड्यांचा: सहा टी-शर्ट, सहा लेगिंग, चार गाऊन. १६ नग, वजन दोन किलो ८६० ग्रॅम. नगाने ३२० रुपये, किलोने धुऊन घडी केली तर २००. इथे किलो सरळ जिंकतो, आणि का ते उघड आहे: नगाच्या भावात इस्त्रीचे पैसे आत असतात आणि या कपड्यांना इस्त्री लागतच नाही.

तिसरा गठ्ठा जड. दोन जीन्स, चार टॉवेल, एक डबल बेडशीट, एक एकेरी चादर आणि चार अभ्रे. नग फक्त १२, पण वजन बरोबर पाच किलो. ४९ कपड्यांपैकी हे १२, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. पण पिशवीच्या वजनातला तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा यांचा. नगाच्या भावाने ३०५ रुपये होतात, आणि त्यात चादरीला इस्त्रीही आली. किलोने नुसती धुऊन घडी केली तरी ३५०. आणि पिशवी सरसकट 'धुऊन इस्त्री' या खात्यात टाकली, तर याच गठ्ठ्याचे ५५० रुपये.

चौथा गठ्ठा आजीच्या दोन साड्यांचा, एक किलो शंभर ग्रॅम. किलोच्या इस्त्रीने १२१ रुपये, नगाने १६०. वरवर किलो स्वस्त, पण किलोच्या भावात खळ येत नाही, आणि खळ नसलेली सुती साडी आजी घडी मोडून बघते आणि परत पाठवते. तेव्हा इथे तुलना करूच नये. त्या वेगळ्या वस्तू आहेत.

सगळं एकत्र घेतलं तर पिशवी १३ किलो २८० ग्रॅमची. पूर्ण नगाने दिली तर आठवड्याला १,२५५ रुपये. पूर्ण किलोच्या इस्त्रीने दिली तर १,४६१. आणि दुकान वजन पुढच्या अर्ध्या किलोला नेत असेल तर साडेतेरा किलोचे १,४८५. जो भाव ऐकायला स्वस्त वाटत होता तो आठवड्याला सव्वादोनशे रुपयांनी महाग निघाला, आणि तोही बाराच कपड्यांमुळे.

असं का होतं हे कळायला दुकानाच्या आत डोकवावं लागतं. लाँड्रीचा खर्च दोन वेगवेगळ्या मापांनी चालतो. धुणं आणि वाळवणं वजनाने चालतं. मशीनचा ड्रम ठरावीक किलोचा, त्यात लागणारं पाणी आणि पावडर वजनाच्या हिशेबाने, आणि सगळ्यांत महाग म्हणजे वाळवणं. मशीनमध्ये पिळून काढल्यावरही सुती कपड्यात त्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी राहतं. टॉवेल आणि जीन्समध्ये त्याहून जास्त. आपल्या पाच किलोच्या जड गठ्ठ्यात म्हणजे अडीच-तीन किलो पाणी. एक किलो पाण्याची वाफ करायला तत्त्वतःच ०.६ युनिटहून जास्त ऊर्जा लागते, आणि ड्रायरमधून हवेबरोबर उष्णता बाहेर जाते ती वेगळी. जड कपड्याला दुकानदार जास्त पैसे मागतो यात लबाडी काही नाही.

इस्त्री मात्र वजनाने चालत नाही, ती मिनिटांनी चालते. सरावलेला हात साध्या शर्टाला तीन-चार मिनिटं घेतो: कॉलर, खांदा, बाह्या, पुढचे दोन भाग, पाठ, घडी. दीडशे ग्रॅमच्या शाळेच्या शर्टाला आणि तीनशे ग्रॅमच्या जाड शर्टाला जवळपास सारखाच वेळ. सातशे ग्रॅमच्या जीन्सला तर शर्टापेक्षा कमी, कारण तिला कॉलर नाही आणि बाह्याही नाहीत. म्हणजे 'धुऊन इस्त्री, ११० रुपये किलो' या ओळीत इस्त्रीचे जे ४० रुपये किलो दडलेले आहेत, ते जीन्सवर २८ रुपये बसतात आणि मुलीच्या शर्टावर ६. काम जवळपास सारखं. इस्त्रीला वजनाचं माप लावणं मुळातच विचित्र आहे, आणि हे दुकानदारालाही ठाऊक असतं. म्हणून काही दरपत्रकांवर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की एका किलोत पाच किंवा सहाच कपडे. हलके कपडे भरून कोणी एका किलोत आठ शर्ट दिले तर त्याचं नुकसान होईल, ते तो या अटीने थांबवतो. पण किलोत दीडच जीन्स बसते तेव्हा उरलेले पैसे परत करायची अट मात्र कुठे नसते.

गावगाड्यात परिटाचा भाव ना किलोवर होता ना नगावर. तो बलुतेदार, घराचे कपडे वर्षभर धुवायचे आणि सुगीला धान्य घ्यायचं. नगाचा हिशेब शहरात आला, आणि कपडा कोणाचा हे ओळखायला बिब्ब्याच्या चिकाची न जाणारी खूण कॉलरच्या आत आली. आजच्या दुकानात त्या जागी छोटी चिठ्ठी टाचलेली असते. किलोच्या पिशवीत ती चिठ्ठी बहुधा कपड्याला नसते, पिशवीला असते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

आता मुख्य युक्ती, आणि ती एका भागाकाराची आहे. कपड्याचा नगाचा भाव घ्या आणि किलोच्या भावाने भागा. जे उत्तर येईल ते त्या कपड्याचं सीमेचं वजन. कपडा त्याहून जड असेल तर नगाने द्यावा, हलका असेल तर किलोने. टॉवेलचा भाव २५, किलोचा ७०, उत्तर ०.३५७, म्हणजे ३५७ ग्रॅम. आपला टॉवेल साडेचारशेचा, तेव्हा नगाने. जीन्सची सीमा ५७१ ग्रॅम, आपली सातशेची, नगाने. डबल बेडशीटची सीमा ७१४, आपलं नऊशेचं; नगाने. एकेरी चादरीची सीमा बरोबर ५०० ग्रॅम आणि आपली चादरही पाचशेची, कशीही द्या. अभ्र्याची सीमा १४३ ग्रॅम आणि आपला अभ्रा शंभराचा, किलोने. जड गठ्ठ्यातले अभ्रे काढून हलक्या गठ्ठ्यात टाकायचे हे इथून कळतं. एरवी चादर आणि अभ्रे एकत्रच उचलले जातात.

शर्टाचं गणित इस्त्रीच्या भावाने करावं लागतं: २५ भागिले ११०, म्हणजे २२७ ग्रॅम. नेहमीचा शर्ट अगदी सीमेवर उभा आहे, म्हणूनच पहिल्या गठ्ठ्यात फरक पडला नाही. पण सगळे शर्ट नेहमीचे नसतात. चव्वेचाळीस मापाचा, लांब बाह्यांचा, जाड कापडाचा शर्ट तीनशे ग्रॅमला जातो. किलोने त्याचे ३३ रुपये, नगाने २५च. मुलीच्या दीडशे ग्रॅमच्या शर्टाचे किलोने साडेसोळा, नगाने २०. धिप्पाड माणसाने नगाने द्यावं आणि लहान मुलांचं किलोने, असा ढोबळ नियम निघतो. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना किलो परवडतो तो याचमुळे: त्यांची पिशवी टी-शर्ट आणि हाफपँटींची असते, आणि इस्त्रीशी त्यांचं फारसं देणंघेणं नसतं.

ही सीमेची वजनं एकदा काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली की दर आठवड्याला काटा काढावा लागत नाही. घरातल्या कपड्यांचे प्रकार सात-आठच असतात.

या घराने असं वाटून दिलं तर काय होतं? इस्त्रीचे १९ कपडे नगाने ४७० रुपये. साड्या नगाने १६०. जीन्स, टॉवेल, बेडशीट आणि चादर नगाने २६५. हलके कपडे आणि अभ्रे मिळून ३ किलो २६० ग्रॅम, धुऊन घडी २२८ रुपये. बेरीज १,१२३. पूर्ण नगापेक्षा १३२ रुपये कमी, पूर्ण किलोच्या इस्त्रीपेक्षा साडेतीनशेच्या आसपास कमी. मात्र अर्ध्या किलोच्या टप्प्याचा नियम इथे दात दाखवतो: ३ किलो २६० चे साडेतीन किलो झाले की २२८ चे २४५ होतात. त्या मोकळ्या २४० ग्रॅमांत एखादा टी-शर्ट किंवा आतला बनियन फुकट जातो, तेव्हा पिशवी बांधण्याआधी टप्प्याकडे एकदा बघावं. आणि किमान वजन विचारावं. पाच किलोंहून कमी घेत नाही म्हणणारं दुकान असेल, तर हलका गठ्ठा दोन आठवड्यांचा साठवून द्यावा लागेल. नाहीतर सव्वातीन किलोंचे पाच किलोंप्रमाणे ३५० रुपये जातील आणि जवळजवळ सगळी बचत त्यातच संपेल.

आळस हीसुद्धा खरी गोष्ट आहे. दर आठवड्याला तीन पिशव्या बांधायच्या नसतील तर निदान एवढं करावं की सगळे कपडे 'धुऊन घडी'च्या किलोने द्यावेत आणि इस्त्री फाटकाबाहेरच्या इस्त्रीवाल्याकडून करून घ्यावी. साडेतेरा किलोंचे ९४५, १९ कपड्यांच्या इस्त्रीचे १५२, साड्यांच्या इस्त्रीचे नगाला २५ धरून ५०: एकूण १,१४७ रुपये. नीट वाटून दिल्यापेक्षा फक्त पंचवीसेक रुपये जास्त. आजीची खळ मात्र यात घरी करावी लागेल. माझं मत विचाराल तर बहुतेक घरांनी हीच वाट धरावी. जी वाट सर्वांत सोपी वाटते, म्हणजे सगळी पिशवी किलोच्या इस्त्रीत, तिच्यात टॉवेल आणि जीन्सवरच्या इस्त्रीचे पैसे आपण भरतो आणि ती इस्त्री कोणाला हवीही नसते.

वजनाच्या भावात एक गिऱ्हाईक नेहमी विसरतं, ते म्हणजे पाणी. सुती कापड हवेतलं बाष्प शोषतं. कापड उद्योगात ६५ टक्के आर्द्रतेला कापसाचं प्रमाण साडेआठ टक्के धरतात, म्हणजे शंभर ग्रॅम पूर्ण कोरड्या कापसात साडेआठ ग्रॅम पाणी. एप्रिलच्या कोरड्या दुपारी ते कमी असतं, जुलैच्या दमट दिवसांत बरंच वाढतं. पॉलिएस्टर मात्र जवळजवळ काहीच शोषत नाही. त्यामुळे हाताला कोरडीच लागणारी सुती पिशवी पावसाळ्यात पाचेक टक्क्यांनी सहज जड होते. तेरा किलोंवर हे सहाशे-साडेसहाशे ग्रॅम झाले. ७०च्या भावाने ४५ रुपये. त्यावर उपाय नाही, ऋतूच तसा आहे.

ओल्या टॉवेलवर मात्र आहे. सकाळी अंग पुसलेला टॉवेल तसाच पिशवीत कोंबला तर त्यात शे-दोनशे ग्रॅम पाणी असतंच. चार टॉवेलांचं मिळून पाऊण किलो धरलं तर ५० रुपये पाण्याचेच. शिवाय दमट टॉवेल बंद पिशवीत रात्रभर राहिला की त्याला कुबट वास येतो आणि तो शेजारच्या कुर्त्यालाही लागतो. लाँड्रीच्या आदल्या दिवशी टॉवेल पंख्याखाली पसरावेत. जीन्सचे खिसे तपासावेत, लोखंडी हँगर काढावेत. हे ग्रॅमांचं आहे, पण त्या नादात खिशातली नोट आणि पेन दोन्ही वाचतात. पेनाची शाई ड्रममध्ये सुटली की एका कपड्यावर थांबत नाही.

काट्याबद्दल. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा व्यापारासाठी वापरला जातो, म्हणून वैध मापनशास्त्र कायद्याखाली त्याची पडताळणी होऊन शिक्का असावा लागतो. घरी पिशवी न्यायला येणाऱ्या मुलाकडे बहुधा हातात धरून लटकवायचा आकड्याचा काटा असतो. तो हात हलला की आकडा हलतो, आणि पिशवी मांडीला टेकली तर कमीही दाखवतो. आधी रिकाम्या आकड्यावर शून्य आहे का ते बघावं. घरी पडताळायचं असेल तर पाणी सोपं आहे: दोन लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या म्हणजे चार किलो आणि बाटल्यांचं थोडं वजन. काटा साडेचार दाखवत असेल तर काहीतरी गडबड आहे. आणि वजन धुण्याआधी करायचं की नंतर, हेही एकदा विचारून ठेवावं. धुण्याआधीचं वजन आपल्यासमोर होतं; तेच बरं.

पैशांखेरीज दोन्ही पद्धतींत एक मोठा फरक आहे, तो जबाबदारीचा. नगाने दिलेला कपडा काउंटरवर उलगडून पाहिला जातो, डाग असेल तर पावतीवर लिहिला जातो, चिठ्ठी टाचली जाते. किलोची पिशवी आख्खी ड्रममध्ये जाते. चांगली दुकानं एका गिऱ्हाइकाची पिशवी वेगळी धुतात किंवा जाळीच्या पिशवीत बांधून धुतात. पण तिच्या आतल्या आत पांढरा शाळेचा शर्ट आणि नवीकोरी निळी जीन्स एकत्र फिरणार आहेत हे कोणी बघत नाही. शर्ट निळसर झाला तर चूक कोणाची यावर वाद होतो, आणि किलोच्या भावात डाग काढण्याचं काम धरलेलं नसतं. नवी जीन्स, बांधणीची ओढणी, हातमागाचा पहिल्यांदा धुतला जाणारा कुर्ता, असलं काही किलोच्या पिशवीत टाकूच नये. सुती कपडा पहिल्या धुण्यात थोडा आटतो, आणि ड्रायरच्या उष्णतेत जास्तच.

कपडा हरवला तर गाठ आणखी घट्ट. बऱ्याच पावत्यांच्या मागे छापलेलं असतं की भरपाई धुलाईच्या रकमेच्या अमुक पटच मिळेल. नगाच्या पावतीवर निदान 'कुर्ता, २५ रुपये' एवढं तरी असतं. किलोच्या पावतीवर '३.५ किलो' इतकंच असेल, तर त्यात कुर्ता होता हे सिद्ध कसं करणार? म्हणून किलोने देताना पावतीवर वजनाखाली नगांची संख्या लिहून घ्यावी, '३.५ किलो, २० नग' एवढं पुरतं. शंकेखातर पलंगावर पसरलेल्या कपड्यांचा एक फोटो काढून ठेवावा. पावतीमागच्या अटी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. लाँड्री ही सेवा आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तिला लागू होतो. दुकानदार ऐकतच नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांचं गणित निराळं, आणि खरं तर बरंच सोपं. थंड पाण्याने धुतलं तर विजेचा खर्च किरकोळ असतो, त्यामुळे धुणं घरी आणि इस्त्री बाहेर ही आपल्याकडे जुनीच वाटणी टिकून आहे. अशा घराने बाहेर द्यायचं ते फक्त इस्त्रीवाल्याला: १९ कपडे आणि दोन साड्यांचे आठवड्याला २०२ रुपये. फक्त पावसाळ्यात, बेडशीट तीन-तीन दिवस वाळत नाही तेव्हा, जड गठ्ठा नगाने लाँड्रीत टाकावा.

राहता राहिली महिन्याची पॅकेजं. आपल्या घराची पिशवी महिन्याला सत्तावन्न किलोंची होते, तेव्हा दुकानदार म्हणणारच की ५० किलोंचे आगाऊ पैसे भरा, भाव कमी करतो. कितीपर्यंत कमी केला तर ऐकावं? भागाकार उलटा करायचा. डबल बेडशीटचे नगाचे ५० रुपये भागिले ०.९ किलो, म्हणजे साडेपंचावन्न. टॉवेलचे २५ भागिले ०.४५, पुन्हा साडेपंचावन्न. जीन्सचं उत्तर सत्तावन्न. म्हणजे धुऊन घडीचा भाव ५५ रुपये किलोवर आला की या घराचे जड कपडेही किलोनेच द्यायला परवडतात आणि गठ्ठे वेगळे करायची गरज उरत नाही. ६० रुपयांचं पॅकेज असेल तर टॉवेल, जीन्स आणि बेडशीट अजूनही नगानेच, फक्त एकेरी चादर किलोत जाते. आणि मुदत बघावी. ५५च्या भावाने ५० किलोंचे २,७५० रुपये भरले, मग दिवाळीला आठवडाभर गावी गेलो आणि महिनाअखेर ४५च किलो वापरले गेले, तर उरलेले पाच किलो बुडतात आणि खरा भाव ६१ रुपये पडतो. उरलेले किलो पुढच्या महिन्यात घ्यायला दुकान तयार असेल तर तसं पावतीवर लिहून घ्यावं.